गोष्ट आहे तिथं पुठ्ठा नाही

दीड वर्षाच्या मुलासाठी मराठी पुस्तक हवंय, असं दुकानात सांगितलं की काउंटरवर दोन ढीग येतात. पहिला ढीग जाड पुठ्ठ्याच्या, गोल कोपऱ्यांच्या, चकचकीत पुस्तकांचा. फळं, भाज्या, प्राणी, वाहनं, अंक, मुळाक्षरं. पानावर दहा-बारा छायाचित्रं आणि प्रत्येकाखाली एकेक नाव. दुसरा ढीग पातळ पुस्तकांचा. मधोमध दोन पिना, सोळा-वीस पानं, आणि त्यांत कुणीतरी विचार करून काढलेली चित्रं. त्यांत गोष्ट असते, घर असतं, आजी असते, पाऊस असतो.

पहिल्या ढिगातलं पुस्तक मुलानं चावलं, आपटलं, त्यावर दूध सांडलं तरी टिकतं. पण आई-बाबांनी ते उघडून वाचायचं काय? सफरचंद, केळं, संत्रं, झालं. दुसऱ्या ढिगातलं पुस्तक वाचायला सुरेख, पण मुलाच्या हातात दिलं की दोन दिवसांत मधलं पान पिनांतून सुटतं. मराठीत एक ते तीन वयासाठी पुस्तक शोधताना खरी अडचण आहे ती ही. चांगली पुस्तकं नाहीत, असं नाही. मजबूत पुस्तकांत बहुधा गोष्ट नसते आणि गोष्टीची पुस्तकं बहुधा मजबूत नसतात. त्यामुळे मुखपृष्ठावरचं ‘वय २+’ वाचून निवड करता येत नाही. पुस्तक हातात घेऊन, उघडून, चार ओळी मोठ्यानं वाचूनच ठरवावं लागतं. काय पाहायचं, हे माहीत असेल तर त्याला पाच मिनिटं पुरतात.

हे असं का झालं?

याचं उत्तर छापखान्यात आहे. पिनेचं पुस्तक बनवणं सोपं. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी सोळा पानं छापली, घडी घातली, वर कव्हर ठेवून मधोमध पिना मारल्या, तीन बाजूंनी कापलं, की पुस्तक तयार. पुठ्ठ्याच्या पुस्तकात कागद छापून पुठ्ठ्यावर चिकटवावा लागतो, त्यावर लॅमिनेशन, मग जोडपानं पाठीला पाठ लावून डकवायची, शेवटी कोपरे गोल करायला डाय कटिंग. प्रत्येक पानागणिक जाडी वाढते, म्हणून अशी पुस्तकं सहसा दहा-बारा पानांत, फार तर सोळा पानांत आटोपतात. सोळा पानांची गोष्ट पाच-सहा जोडपानांत बसवायची, तर ती नव्यानं लिहावी लागते.

शिवाय हिशेब आहे. मराठी बालपुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार-दोन हजार प्रतींची असते. एवढ्या प्रतींवर चित्रकाराचं मानधन, चार रंगांची छपाई आणि वर पुठ्ठ्याचा खर्च वाटला, तर किंमत अशी होते की गिऱ्हाईक पुस्तक उलटून परत ठेवतं. ज्याला एकाच पुस्तकाच्या पाच-सात भाषांतल्या आवृत्त्या काढता येतात, त्यालाच पुठ्ठा परवडतो. आणि पाच-सात भाषांत सहज जाणारं पुस्तक म्हणजे विकत घेतलेली छायाचित्रं आणि खाली एक शब्द.

बहुभाषी पुस्तकांची एक युक्ती इथं माहीत असलेली बरी. रंगीत छपाई चार प्लेटांवर होते: निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवला, तर भाषा बदलताना एक काळी प्लेट बदलली की भागतं, बाकी तिन्ही तशाच राहतात. खर्च वाचवण्याची ही रीत उत्तम आहे आणि चांगले प्रकाशकही ती वापरतात. पण तिच्या खुणा पुस्तकावर राहतात. चित्रातल्या पाट्या कोऱ्या असतात. मजकुरासाठी राखलेल्या जागेत कधी मराठी वाक्य मावत नाही म्हणून अक्षर बारीक होतं, कधी अर्धं पान रिकामं पडतं. मूळ भाषेत जिथं यमक होतं, तिथं मराठीत नुसती माहिती उरते. ही खूण दिसली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. ती दिसली की मजकूर मात्र जास्त बारकाईनं वाचायचा, एवढंच.

प्रकाशकाचं नाव काय सांगतं, काय सांगत नाही

मराठीत चित्रपुस्तक म्हटलं की पहिलं नाव पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचं येतं आणि त्यामागोमाग माधुरी पुरंदरे यांचं. बालसाहित्यातल्या एकूण कामासाठी त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू झालं, तेव्हा लेखनासाठीचा पहिला मान त्यांच्याकडेच गेला. त्यांच्या पुस्तकांचं वेगळेपण पुरस्कारांच्याही आधी हातात घेतल्यावर कळतं. शब्द आणि चित्रं एकाच व्यक्तीची असल्यामुळे वाक्यानं जे सांगितलं नाही ते चित्र सांगतं. ‘राधाचं घर’ या संचात घरातलं एकेक माणूस एकेका छोट्या पुस्तकात भेटतं. नावातच ‘राधाचं’ आहे, ‘राधाचे’ नाही. घरात जशी भाषा बोलतात तशीच ती छापली आहे आणि दोन वर्षांच्या मुलाला ऐकवताना याचा फार उपयोग होतो.

पण प्रकाशकाच्या किंवा लेखिकेच्या नावावर डोळे मिटून मागवलं, तर घोळ होतो. त्याच लेखिकेची, त्याच प्रकाशनाची ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही पुस्तकं शाळकरी मुलांसाठी आहेत. ‘चित्रवाचन’ चित्रांवर गप्पा मारत बसायचं पुस्तक आहे, अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ते मांडीवर घेऊन दाखवता येतं. पण सव्वा वर्षाच्या मुलाला त्यातल्या बारीकसारीक गोष्टींत काय पाहायचं, ते कळणार नाही. प्रकाशकाचं नाव काळजीची हमी देतं, वयाची देत नाही.

दुसरं नाव नॅशनल बुक ट्रस्टचं. ही १९५७ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतली पुस्तकं अनेक भारतीय भाषांत निघतात, त्यांत मराठीही आहे. किमती इतक्या कमी की फाटलं तर दुसरी प्रत घ्यावी. लहानांच्या पुस्तकाच्या बाबतीत हा गुण मोठा आहे. मिकी पटेल यांच्यासारख्या अव्वल चित्रकारांचं काम या मालेत आहे. राखाडी रंगाला कंटाळलेल्या रूपा हत्तिणीची त्यांची गोष्ट अडीच-तीन वर्षांच्या मुलांना चित्रांवरूनच समजते. अशी मोठी माला घेताना एक पथ्य पाळायचं. लेखक, चित्रकार आणि अनुवादक प्रत्येक पुस्तकाला वेगळे असतात, म्हणून संच न घेता पुस्तकं सुटी पाहून घ्यायची. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, त्याचं आयोजनही याच संस्थेचं आहे. अशा ठिकाणी पुस्तकं उघडून पाहायला मिळतात.

तिसरं नाव प्रथम बुक्स. २००४ साली सुरू झालेली, बंगळुरूची ही ना-नफा संस्था मराठीसह बऱ्याच भाषांत स्वस्त चित्रपुस्तकं काढते. १९९६ साली सुरू झालेली चेन्नईची तूलिका इंग्रजीबरोबर आठ भारतीय भाषांत पुस्तकं काढते, त्यांत मराठी आहे. प्रथमच्या पुस्तकांवर एक ते चार अशी पातळी छापलेली असते आणि इथंच पालकांची हमखास गफलत होते. पहिल्या पातळीचं पुस्तक म्हणजे अडीचशेपेक्षा कमी शब्द, सोपे शब्द, पुन्हापुन्हा येणारी वाक्यरचना. ही पातळी स्वतः वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी लावलेली आहे, म्हणजे साधारण पाच-सहा वर्षांच्या. ऐकणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासाठी तिचा अर्थ वेगळा. अडीचशेच्या जवळ जाणारा मजकूर त्याला लांब पडतो, तीस-चाळीस शब्दांचं पुस्तक मात्र अगदी मापात बसतं. पातळी एक पाहिली की लगेच पान उलटून वाक्यं मोजायची. एका जोडपानाला एक वाक्य असेल तर घ्यायचं.

नाव ओळखीचं नसलेल्या प्रकाशकाचं पुस्तक कसं पारखायचं? श्रेयनामावलीचं पान उघडायचं. बऱ्याचदा ते दुसरं पान असतं, पुठ्ठ्याच्या पुस्तकात मागच्या कव्हरवर. तिथं लेखक आणि चित्रकार यांची नावं स्वतंत्रपणे आहेत का? अनुवाद असेल तर अनुवादकाचं आहे का? आवृत्ती, पुनर्मुद्रणाचं साल, मुद्रकाचं नाव आहे का? चित्रकाराचं नावच नसेल आणि नुसतं ‘संपादक मंडळ’ असेल, तर चित्रं बहुधा तयार संग्रहातून उचललेली असतात. त्याचा पुरावा आतच सापडतो: पहिल्या पानावरचा मुलगा आणि चौथ्या पानावरचा तोच मुलगा वेगळे दिसतात, कारण ते वेगळेच असतात. उलट पाचवं-सहावं पुनर्मुद्रण दिसलं, तर ते पुस्तक घराघरांत वाचून पुन्हा मागवलं गेलं आहे. लहान मुलांच्या पुस्तकासाठी याहून भरवशाची शिफारस नाही.

हातात घेऊन काय पाहायचं

पिनेच्या पुस्तकात आधी पिना बघायच्या. मधलं जोडपान उघडा. पिनांची टोकं आतल्या बाजूला सपाट दुमडलेली हवीत. बोट फिरवल्यावर टोचलं, तर पुस्तक परत ठेवायचं. मग मधलं पान हलकंच ओढून पाहायचं. पिनेभोवतीचं भोक लगेच लांबट झालं, तर कागद पातळ आहे. मुलाच्या हातात तेच पान सगळ्यात आधी सुटणार.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, पण दुकानात वजनकाटा नसतो. पान उजेडाकडे धरा. मागच्या पानावरचं चित्र आरपार दिसत असेल तर कागद फार हलका. लहान मूल दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली पाहतं आणि कुठलंच नीट पाहत नाही. चांगल्या चित्रपुस्तकाला साधारण १३० जीएसएमचा आर्ट पेपर किंवा त्याहून जाड कागद असतो. १७० चा असेल तर दोन वर्षांच्या हातांना पान पकडायलाही सोपं जातं. आर्ट पेपर चकचकीत असेल तर पुस्तक ट्यूबलाइटखाली धरून पाहायचं. चित्रावर पांढरा पट्टा चमकला, की रात्री झोपताना वाचताना दर पानाला पुस्तक तिरकं करावं लागणार.

मग छपाई. चारही प्लेटा एकावर एक नेमक्या बसल्या नाहीत, तर रंग सरकतो. तो पकडायला भिंग लागत नाही. चित्रातल्या माणसाचे किंवा प्राण्याचे डोळे बघायचे. बुबुळाच्या कडेला लाल किंवा निळी रेघ बाहेर डोकावत असेल, किंवा रंगीत पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांच्या कडा भुरकट असतील, तर रंग सरकलेला आहे. एखाद्या पानावर झालं तर चालून जातं. पण सगळ्याच पानांवर असेल तर दुसरी प्रत मागायची. त्याच आवृत्तीत शेजारची प्रत नीट निघू शकते.

परफेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे नुसत्या डिंकानं पाठ चिकटवलेलं पुस्तक या वयाला घेऊ नये. ते सपाट उघडत नाही, मधल्या घडीत चित्रातलं अर्धं माणूस गडप होतं. जोर लावून उघडलं की पानं एकेक करून सुटतात. स्पायरलमध्ये पानं सपाट उघडतात, पण तारेचं टोक सुटलं की ते बोटाला लागतं.

पुठ्ठ्याच्या पुस्तकाची परीक्षा कोपऱ्यावर. कोपरा गोल हवा, आणि कडेवर नख घासलं तरी वरचा छापील थर सुटता कामा नये. मूल नेमकं तिथंच चावतं. लाळेनं पुठ्ठा फुगला की थर उलगडतो आणि त्याचे तुकडे तोंडात जातात. पुस्तक पूर्ण उघडून पाठीकडचे सांधे पाहायचे, तिथं चीर दिसली तर आठवड्याभरात पान वेगळं होणार. कव्हरात स्पंज भरलेली मऊ पुस्तकं दिसायला गोड असतात. पण कडेची शिवण किंवा लॅमिनेशन उघडलं की आतला फोम निघतो आणि तो घशात अडकू शकतो. बटण दाबल्यावर वाजणाऱ्या पुस्तकांत छोटा बॅटरी सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूनं बंद नसेल, तर ते पुस्तक घरात आणू नये. बटणाएवढा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, तेव्हा मुलाला तातडीनं दवाखान्यात न्यावं लागतं. मुलाच्या हातून पुस्तक फाटलेलं चालतं, सुटलेला फोम आणि उघडा सेल मात्र नकोतच.

वय महिन्यांत मोजायचं

‘वय ० ते ३’ या छापाचा काही उपयोग नाही, कारण या तीन वर्षांत मूल पुस्तकाचं काय करतं ते चारदा बदलतं. ज्यूडी डीलोच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू हातानं चाचपतात, उचलू पाहतात. एकोणीस महिन्यांची मुलं तसं करणं जवळजवळ सोडून देतात आणि त्याऐवजी बोट दाखवतात. म्हणजे दीड वर्षाच्या आसपास चित्र हे चित्र आहे, हे मुलाला उमगतं. त्याआधी पुस्तक म्हणजे चावायची, आपटायची एक वस्तू, आणि पुठ्ठ्याचं पुस्तक खरं तेव्हाच लागतं.

अमेरिकेच्या सीडीसीनं बालविकासाचे टप्पे दिले आहेत, त्यांत पुस्तकाचे टप्पे आहेत आणि ते खरेदीला कामाचे आहेत. बहुतेक मुलं अठराव्या महिन्यापर्यंत मोठ्यांबरोबर पुस्तकाची थोडी पानं पाहतात. दोन वर्षांपर्यंत ‘अस्वल कुठंय?’ असं विचारलं की पुस्तकात बोट ठेवतात. अडीच वर्षांपर्यंत एकेक पान उलटतात आणि बोट ठेवून विचारलं की नाव सांगतात. यावरून पुस्तक ठरवता येतं. दीड वर्षाच्या आतल्या मुलाला पुठ्ठ्याचं, एका पानावर एकच मोठं चित्र असलेलं, घरात रोज दिसणाऱ्या वस्तूंचं पुस्तक: वाटी, चमचा, चप्पल, मांजर, चंद्र. दीड ते दोनच्या दरम्यान एकाच जोडपानावर एकच काहीतरी घडतंय, असं पुस्तक: कुत्रा पळाला, पाऊस आला. दोन ते तीनच्या दरम्यान तीस-पन्नास शब्दांची, एका वाक्याची पुनरावृत्ती असलेली छोटी गोष्ट. अडीचच्या पुढे पातळ कागद हळूहळू चालू लागतो, कारण हात एकेक पान धरू लागलेले असतात.

एका पानावर एक चित्र, हा आग्रह उगाच नाही. ससेक्स विद्यापीठाच्या झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांनी साधारण साडेतीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. ज्या पुस्तकात एका वेळी एकच मोठं चित्र दिसत होतं, त्यातून मुलांनी नवे शब्द जास्त शिकले. दोन चित्रं समोरासमोर असली, की वाचणारा कुठल्या चित्राविषयी बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. वाचणाऱ्यानं आधी हातानं योग्य पान दाखवलं, तेव्हा हा फरक भरून निघाला. साडेतीन वर्षांची मुलं दोन चित्रांत गोंधळत असतील, तर दीड वर्षाच्या मुलासमोर बारा छायाचित्रांचं पान ठेवून काय होत असेल, याचा अंदाज करता येतो. आणि असं पुस्तक घरात आलंच असेल, तर उपायही त्यातच आहे: एका कागदाला खिडकी कापून तो पानावर ठेवायचा आणि एका वेळी एकच चित्र दाखवायचं.

दोन पुस्तकं, एकच मांजर

हे सगळं एका उदाहरणावर करून पाहू. माझ्या बहिणीची मुलगी वीस महिन्यांची. तिला मांजर आवडतं, म्हणून दुकानात मांजर असलेली दोन पुस्तकं काढली. पहिलं पुठ्ठ्याचं, ‘प्राणी’. कोपरे गोल, कडा घट्ट, सांधे शाबूत. म्हणजे मजबुती पूर्ण. आत प्रत्येक जोडपानावर बारा छायाचित्रं. मांजर आहे, पण पांढरं, लांब केसांचं, सपाट नाकाचं, आपल्या सोसायटीत न दिसणारं. शेजारी कांगारू, पाणघोडा आणि झेब्रा, सगळे एकाच आकाराचे. मागच्या कव्हरावर चित्रकाराचं नाव नाही. मोठ्यानं वाचून पाहिलं, बारा नामांत पान संपलं.

दुसरं पिनेचं, सोळा पानी. चित्रकाराचं नाव आहे, तिसरं पुनर्मुद्रण आहे. पिना सपाट, कागद जाड, मागचं चित्र आरपार दिसत नाही. मांजराच्या बुबुळाची कड स्वच्छ. जोडपानाला एक वाक्य, आणि ते ‘मांजर कुठं गेलं?’ याच प्रश्नानं दरवेळी संपतं. दुसऱ्या पानावर फक्त शेपूट कपाटामागे दिसतं. ते वाक्य मोठ्यानं वाचताना जीभ कुठं अडखळली नाही, ‘मांजर कपाटामागे लपले आहे’ असं पुस्तकी वळण कुठं आलं नाही. दुकानातच हे करून पाहावं. एक पान मोठ्यानं वाचायचं. ज्या वाक्यावर आपण अडखळतो, ते वाक्य वाचताना घरी आपण आपोआप बदलतो, आणि मग रोज वेगळं वाचलं की मुलाला ते पाठ होत नाही.

दोन्ही घेतली, पण दोघांची जागा वेगळी ठेवली. पहिलं खालच्या कप्प्यात, हाताला लागेल असं. ते तिचं, कसंही वापरावं. दुसरं वरच्या फळीवर, फक्त मांडीवर बसून वाचायचं. पहिल्या पुस्तकाशी तिनं आठवड्यात काय केलं, तर ते उघडबंद केलं, डोक्यावर ठेवलं आणि कुत्र्याच्या फोटोवर बोट ठेवून ‘भू’ म्हटलं. दुसऱ्या पुस्तकात तिसऱ्या-चौथ्या वाचनात ती शेपटीवर बोट ठेवू लागली, आणि ‘कुठं गेलं?’ म्हटलं की स्वतःच पान उलटायला हात पुढं करू लागली. पान अर्थात दोन-दोनच उलटत होती. ते वीस महिन्यांच्या हातांचं वय आहे, पुस्तकाचा दोष नाही.

दोन पुस्तकांच्या या विभागणीत मराठीतल्या त्या मूळ अडचणीवरचा व्यवहार्य तोडगा आहे. पुठ्ठ्याची पुस्तकं एक-दोनच घ्यायची, तीही एका पानावर एक चित्र असलेली. त्यांत ओळखीची चित्रं हवीत, माहितीचा साठा नको. उरलेल्या पैशांत गोष्टीची पिनेची पुस्तकं घ्यायची आणि ती मोठ्यांच्या हातात ठेवायची. पिनेच्या पुस्तकाचं आयुष्य वाढवायचं असेल, तर घरी आणल्याबरोबर मधल्या जोडपानाच्या घडीवर आतून रुंद पारदर्शक पुस्तकटेप लावायची, वापरायला सुरुवात करायच्या आधीच. साधी सेलोटेप कालांतरानं पिवळी पडते आणि चिकटा कागदावर सोडून जाते. पान फाटलंच तर मुलासमोर बसून जोडायचं, टाकून द्यायचं नाही.

पुठ्ठा आणि गोष्ट एकत्र हवीच असेल, तर ती घरी करता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (storyweaver.org.in) मराठी निवडून, पहिली पातळी निवडून, हव्या त्या गोष्टी मोफत उतरवता येतात. तिथल्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहेत, त्यामुळे घरी छापायला हरकत नाही. संकेतस्थळावर कुणालाही अनुवाद चढवता येतो, म्हणून प्रकाशकाचं नाव पाहून निवडायचं आणि छापण्याआधी सगळी वाक्यं मोठ्यानं वाचायची. एकवाक्यी, दहा-बारा पानांचं पुस्तक निवडा. झेरॉक्सच्या दुकानात ते २००-२५० जीएसएमच्या कार्डवर एका बाजूनं रंगीत छापून घ्या, पानं पाठीला पाठ चिकटवा, लॅमिनेट करा आणि कोपरे कात्रीनं गोल करा. लॅमिनेशन करताना चारी बाजूंनी थोडी प्लास्टिकची कड जास्त ठेवायची. ती कागदाला धरून कापली, तर थर सुटतो. पाठीकडे छिद्रं पाडून जाड सुती दोऱ्यानं बांधायचं, रिंग वापरायची नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपाल महाग पडतं, त्यांच्यासाठीही हाच मार्ग सोपा आहे. पुठ्ठ्याची गोष्टीची मराठी पुस्तकं पुरेशी निघेपर्यंत, घरटी दोन-तीन अशी पुस्तकं करून ठेवली तर दोन वर्षांचा काळ निभावतो. तोपर्यंत मूल एकेक पान उलटायला शिकलेलं असतं, आणि वरच्या फळीवरची पुस्तकं खालच्या कप्प्यात आणता येतात.